मैत्रेयीच्या डोक्यावरचा पट्टा

बेलवलीच्या प्रीतीला कुणी भोळी म्हटलं असतं, तर ती भांडायलाच उठली असती. अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला होती ती. थापा मारणारा सुपरवायझर नुसत्या डोळ्यांवरून ओळखायची. पण घरच्या माणसांना कोण तपासत बसतं हो?

तिची मैत्रेयी जन्मली तेव्हा दोन्ही कानांच्या जागी मांसाच्या बारीक गाठी होत्या, भोकं नव्हतीच. तपासणीत कळलं, आतला कान ठणठणीत आहे, आवाजाला आत जायला वाट तेवढी नाही. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी डोक्याला बांधायचा मऊ पट्टा दिला. त्यावरचं यंत्र हाडातून आवाज पोचवतं.

बाई म्हणाल्या, "बाहेरचा कान ऑपरेशन करून बरगडीच्या कूर्चेतून, म्हणजे तिथल्या मऊ हाडातून करतात. बरगडी वाढायला हवी, म्हणून आठ-नऊ वर्षं थांबायचं. ऐकण्यासाठी मात्र थांबायचं नाही. पोर जागी असेल तोवर पट्टा हवाच. बोलणं शिकायची हीच वर्षं."

नवरा मिलिंद तेव्हा प्रीतीचा हात धरून मान हलवत होता. लबाड!

प्रीती सकाळी मैत्रेयीला पट्टा बांधून, तिला सासूकडे ठेवून कामावर जायची. संध्याकाळी आली की पट्टा डोक्यावरच दिसायचा. तरी दीड वर्षाची झालेली पोर एक शब्द बोलेना. यंत्राचा सेलही आठवड्यात संपायचा, तो पंधरवडा उलटला तरी चालूच. प्रीतीला आधी वाटलं, सेल चांगला निघाला. मग लक्षात आलं, यंत्र दिवसभर बंदच राहत असणार. दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली.

मैत्रेयीच्या डोक्यावर टोपरं होतं. पट्टा कपाटात पडला होता.

"आई, हे काय?"

सासू गयाबाई गडबडल्या. "अगं, शेजारपाजारच्या येतात, हजार प्रश्न विचारतात. तू यायच्या आधी बांधते की परत. आणि मिलिंदच म्हणाला, काढून ठेवत जा."

रात्रपाळी करून झोपलेला मिलिंद डोळे चोळत दारात आला. "आठ वर्षांनी कान होणारच आहे ना? मग ऐकेलच की. तोवर लोकांना तमाशा कशाला?"

"कान होईल तो दिसायला! ऐकणं त्याने येत नाही, हे तुझ्यासमोर सांगितलं होतं बाईंनी!" प्रीतीचा आवाज फाटला. "बाहेरच्यांवर मी पहारा ठेवला रे, आणि इथे कुंपणच शेत खात होतं."

तिने टोपरं काढलं, पट्टा बांधला, यंत्र चालू केलं.

"मैत्रू," मिलिंद ओशाळून पुटपुटला.

पोरीने गर्रकन मान वळवली. बापाकडे बघून खुदकन हसली, हात पसरून दुडुदुडु त्याच्याकडे धावली. मिलिंदने तिला उचललं आणि मान खाली घातली.

"बघ," प्रीती म्हणाली, "कुणाच्या आवाजाला हसतेय ती."

दुसऱ्या दिवसापासून मैत्रेयी कारखान्याजवळच्या पाळणाघरात जाऊ लागली. पट्टा बांधायला प्रीतीने तिथल्या बाईंना शिकवलं, मिलिंदला नाही.