सात फॅट आणि सहा फॅट

लग्न होऊन मी पुनावळ्याजवळच्या सासरच्या गावात आले, त्याच्या आदल्याच वर्षी गावात दूध संकलन केंद्र सुरू झालं होतं. त्याआधी आमचं दूध देहूरोडच्या एका मिठाईवाल्याकडे जायचं. तो शेराच्या मापाने घ्यायचा, बोट बुडवून चाटायचा आणि भाव सांगायचा. केंद्रावर मात्र सगळं नवीन होतं. शेराऐवजी लिटर होतं, आण्यांऐवजी नवे पैसे होते आणि दुधात स्निग्धांश किती, ते मोजायला काचेच्या नळ्या होत्या. तपासनीस नळीत आम्ल घालायचा, त्यावर दूध सोडायचा, नळ्या एका यंत्रात बसवून हाताने गरागरा फिरवायचा. मग नळी उजेडाला धरून आकडा वाचायचा. त्याला सगळे फॅट म्हणत. जेवढा फॅट जास्त, तेवढा लिटरचा दर जास्त.

हे सगळं एका तक्त्यावर लिहून मिळायचं. तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, दर, रक्कम. पंधरवडा संपला की खाली बेरीज, आणि तेवढे पैसे हातात. मी सातवी शिकलेली, म्हणून तक्ता वाचायचं काम माझ्याकडे आलं. रोज रात्री जेवणं झाल्यावर मामंजी म्हणायचे, "वाच बरं सूनबाई." मी वाचायची. आमच्या एकुलत्या एका म्हशीचं दूध दोन्ही वेळचं मिळून सात लिटर भरायचं, फॅट सातच्या आसपास, दर छप्पन नवे पैसे.

त्या पैशांवर माझा जीव होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझे मालक पिंपरीला कंपनीत लागले होते. चार जणांत एक खोली घेऊन तिथेच राहायचे आणि फक्त रविवारी घरी यायचे. दुधाच्या पैशांतून पेंड-सरकीचा खर्च जाऊन जे उरेल ते सायकलसाठी बाजूला ठेवायचं, असं मामंजींनी ठरवलं होतं. सायकल आली की ते रोज घरी येणार होते. दिवाळीपर्यंत येईल, असा माझा हिशेब होता. नवरा म्हणजे आठवड्याने येणारा पाहुणा, अशी माझी तेव्हाची संसाराची ओळख होती.

भादव्यात फॅट उतरला. आधी साडेसहा, मग सहा. दूधही लिटरभर कमी. दर अठ्ठेचाळीस पैशांवर आला. मी ते वाचलं तसे मामंजी ताठ बसले.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हस तीच, पेंड तीच. मग फॅट कुठं गेला? ह्यो तपासनीस गडबड करतोय."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः किटली घेऊन केंद्रावर गेले. मीही मागे होते, कारण आकडा मला वाचायचा होता. तपासनीस तरुण होता, पण शांत. त्याने मामंजींचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग आमचं दूध त्यांच्यासमोर नीट ढवळलं, दोन नमुने घेतले, दोन नळ्या फिरवल्या. दोन्हीत सहा. मग त्याने पाणी ओळखायचा दुग्धमापी दुधात सोडला. तो जिथे तरंगायला हवा तिथेच तरंगला.

"पाणी न्हाई तुमच्या दुधात," तो म्हणाला. "दूध चांगलं हाय. पण फॅट सहाच हाय, काका."

रांगेतला एक जण मागून म्हणाला, "मग लोणी घरातच ऱ्हातंय जणू!" लोक हसले. मामंजी रिकामी किटली उचलून तरातरा घराकडे निघाले.

संध्याकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धार काढायला बसल्या. मामंजी गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. आत्याबाईंनी चरवी उचलली, बाजूला ठेवली आणि म्हशीच्या पिल्लाचं, पारडीचं दावं सोडलं. पारडी धडपडत गेली आणि कासेला लागली.

"आगं, आजून दूध हाय कासेत!" मामंजी ओरडले.

"हाय. म्हनून तर सोडली तिला."

"म्हंजी रोज असंच?"

"व्हय. शेवटची धार मी पारडीला ठेवते. तीच घट्ट असती, फॅट तिथंच असतोय. तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी सोडू दिली असती का?"

मामंजींचा चेहरा लाल झाला. "सायकलीचे पैसे पारडीच्या पोटात घालतीयास?"

आत्याबाई उठल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "मिठाईवाल्याला दूध घालायचो तवा पारडूला धार सोडतच हुतो. ह्यो तक्ता आला आन् आपन कास कोरडी करायला लागलो. मागलं पारडू कशानं गेलं? त्याच्यामागं म्हशीनं पान्हा चोरला, दोन महिन्यांत आटली. इसरलात?"

मामंजी विसरले नव्हते. पण माघार घेणंही त्यांना जमेना. शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "सायकल हिच्या नवऱ्याची हाय. हिलाच इचार."

सासऱ्यांपुढे मी तोवर तक्त्याशिवाय काही बोलले नव्हते. मनात आकडे फिरत होते. सात फॅटला पंधरवड्याची बेरीज अठ्ठावन्न रुपयांच्या पुढे जायची. सहाला ती त्रेचाळीसवर येत होती. पेंडीचा खर्च तर तेवढाच. म्हणजे दिवाळी गेली. खरं सांगायचं तर मला आत्याबाईंचा रागच आला होता.

पारडी तोंडाला फेस येईपर्यंत पीत होती. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. गोठ्याची भिंत खालून चाटून चाटून खरवडलेली होती, भुकेने ती माती खायची. मी रोज शेण काढायला तिथेच यायची, ती भिंत रोज बघायची, पण ती कशाने झाली हा विचार मला कधी शिवला नव्हता.

"राहू द्या तिला ती धार," मी म्हणाले. "चरायला लागेपर्यंत तरी."

मामंजी निघून गेले. आत्याबाईंनीही शाबासकी वगैरे दिली नाही. "चरवी झाक, माशा बसत्यात," एवढंच म्हणाल्या.

रविवारी मालक आले. त्यांना सगळं कळलं. रात्री म्हणाले, "मला येकदा इचारायचं तरी. त्या खोलीत मी कसा ऱ्हातो तुला काय ठावं." त्यांचं बरोबर होतं. सोमवारी पहाटे ते नेहमीसारखे चालत गेले, पण वळणावर एकदा मागे बघायचे, तसं त्या दिवशी बघितलं नाही. मी किती तरी वेळ दारात उभी होते.

पुढचे दोन महिने मी सहाचे आकडे वाचत राहिले. मामंजी ऐकायचे आणि झोपायला जायचे. पारडी हळूहळू भरली, गवताला तोंड लावू लागली. मग आत्याबाईंनी आपणहून धार कमी केली. आधी एकाच वेळची सोडायच्या, नंतर एकाच सडाची. फॅट पुन्हा वर चढत गेला. ज्या दिवशी साडेसहा आला, त्या दिवशी मामंजी म्हणाले, "पारडी कशी हाय?" घरात इतक्या दिवसांत त्यांनी तिचं नाव पहिल्यांदा काढलं.

सायकल संक्रांतीनंतर आली, तीही जुनी, थेरगावच्या एका माणसाची. पहिल्या दिवशी मालक दिवेलागणीला दारात उतरले, तेव्हा धुळीने माखले होते आणि पाय थरथरत होते. मी दिवसभर बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी भाकरी खाल्ली, भिंतीला टेकले आणि बोलता बोलता झोपले. मी त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि भांडी घासायला बाहेर गेले. आतून त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. लग्नानंतर पहिल्यांदाच, रविवार नसताना.