एकशे एक टक्के हुशार

घणसोलीच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवायचो, तेव्हा हाताने लिहिलेलं गुणपत्रक फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमच्या टेबलात चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दोन नियम घातले: एकूण गुण विषयांच्या बेरजेइतकेच हवेत, आणि टक्के शंभराच्या वर नकोत.

पहिल्या नंबराच्या मुलीपाशीच मशिन अडलं. शंभर-शंभर गुणांच्या सहा विषयांची बेरीज ५६१, कागदावर एकूण ६०९.

"चित्रकलेचे अठ्ठेचाळीस मिळवलेत," वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या.

मी पन्नास गुणांच्या चित्रकलेचा रकाना वाढवला. बेरीज जुळली. मग मशिन टक्क्यांवर अडलं. कागदावर होते १०१.५!

"अहो बाई, तुम्ही सहाशेनं भागलंय! साडेसहाशेनं भागा, ९३.६९ येतात."

"मुलगी हुशार आहे हो. तुमच्या मशिनला बघवत नाही."

मी तणतणत मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी मला शांतपणे खिडकीपाशी नेलं. गेटवरच्या अभिनंदनाच्या फलकावर चित्रकलेचे सर शिडीवर चढून, त्याच मुलीच्या नावापुढच्या '१०१.५ टक्के'ला सोनेरी किनार काढत होते.

"सर, तुमचा नियम काढून टाका," मुख्याध्यापक म्हणाले. "तो पुसता येतो. हा ऑइलपेंट आहे."