उद्या कोणाचा

राजापेठेत मोबाईलच्या दुकानावर जो जिना चढतो, त्याच्या वरच्या खोलीत आमचा रविवारचा क्लास भरायचा. आम्ही सगळे मध्येच शाळा सोडलेले, बाहेरून दहावीला बसणारे. कोणी भाजीची गाडी लावणारा, कोणी दोन मुलांची आई. मी नांदगाव पेठेत कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होते. गाव माझं कोल्हापूरकडचं. नववीत शाळा सुटली आणि मग कामाच्या मागे इतक्या लांब आले. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की मला घाम फुटायचा, पण तो जिना चढताना मला आपण कोणीतरी आहोत असंही वाटायचं. दोन्ही एकदमच.

सर अकोल्याचे. घरी उर्दू, बाहेर वऱ्हाडी आणि फळ्यावर इंग्रजी. आम्हा सगळ्यांना बेटा म्हणायचे, त्यांच्याहून मोठ्या असलेल्या भाजीवाल्या काकांनाही. काका लाजायचे, पण ओ द्यायचे.

त्या महिन्यात डायरेक्ट-इनडायरेक्ट चाललं होतं. म्हणजे एकाने तोंडाने बोललेलं वाक्य दुसऱ्याने सांगायचं. मला वाटलं, यात काय शिकायचं, हे तर आपण दिवसभर करतो. पण पहिल्याच वाक्याला आम्ही सगळे आपटलो. 'ही सेड, आय अॅम वर्किंग हिअर टुडे.' आम्ही एकसुरात बदललं, 'ही सेड दॅट आय अॅम वर्किंग हिअर टुडे.' सरांनी खडू खाली ठेवला. विचारलं, काम करणारा कोण, तो की तुम्ही?

मग त्यांनी समजावलं की चूक आमच्या डोक्यात नाही, आमच्या मराठीत आहे. मराठीत 'तो म्हणाला की मी येतो' असं आपण सरळ म्हणतो. 'की' मध्ये आला तरी बोलणाऱ्याचा 'मी' तसाच राहतो, काळही तसाच राहतो. इंग्रजी तसं करू देत नाही. तिथे सांगणारा आपल्या जागेवर उभा राहून बोलतो. म्हणून 'आय'चा 'ही' होतो, 'हिअर'चं 'देअर', 'टुडे'चं 'दॅट डे'. आणि काळ एक पायरी मागे सरकतो. त्यासाठी सरांची युक्ती वऱ्हाडीच होती. 'काम करून राहिलो' याला नुसतं 'होतो' जोडायचं, 'करून राहिलो होतो', म्हणजे 'अॅम वर्किंग'चं 'वॉज वर्किंग' झालं. 'केलं आहे'चं 'केलं होतं', म्हणजे 'हॅव डन'चं 'हॅड डन'. साधा भूतकाळही 'हॅड'वर जातो. फक्त सूर्य पूर्वेला उगवतो यासारखं कायमचं खरं असेल तर हात लावायचा नाही.

काकांनी विचारलं, "सर, माझी बायको काल जे बोलली ते आजही खरंच हाय, मंग बदलू का नको?" वर्ग हसला. सर म्हणाले, परीक्षेत बदला, घरी बदलू नका.

हे सगळं सांगते आहे ते एका रविवारासाठी. माझा फोन पडून काच फुटली होती आणि तो दुरुस्तीला होता, म्हणून आईने शेजाऱ्यांच्या फोनवरून माझ्या घरमालकीणबाईंना फोन केला होता. आईकडे स्वतःचा फोन नाही. रविवारी सकाळी मी क्लासला निघता निघता बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काल दुपारी तुही माय बोलली मायाशी. म्हने का, मी उद्या येऊन राहिली, संध्याकाळच्या गाडीनं. अकोल्याले उतरीन, पोरीले स्टेशनवर पाठवा."

गावातली लग्नाची मंडळी अकोल्याला येत होती, त्यांच्यासोबत आई यायची होती. मंडळी पुढे दुसऱ्या गावी जाणार होती. मी वहीची पानं चाळत जिन्याकडे धावले. मनात एकच, उद्या आई येणार. सोमवारी कारखान्यातून रजा मिळेल का, एवढीच चिंता घेऊन मी बाकावर बसले.

त्या दिवशी सरांनी प्रत्येकाला आपल्या घरातलं खरं वाक्य करायला सांगितलं. मला काय सुचणार दुसरं? 'माय मदर सेड, आय अॅम कमिंग टुमॉरो.' आणि खाली धडाधड लिहिलं, 'माय मदर सेड दॅट शी वॉज कमिंग टुमॉरो.' 'आय'ची 'शी' केली, 'अॅम'चं 'वॉज' केलं. मला वाटलं, आज शाबासकी नक्की.

सरांनी 'टुमॉरो'खाली बोट ठेवलं. "बेटा, हा उद्या कोनाचा हाय?"

मी म्हटलं, आईचा.

"कधी बोलली ती?"

"काल."

ते म्हणाले, ती आजच बोलली असती तर 'टुमॉरो' तसाच ठेवता आला असता. पण बोलणं कालचं आहे, म्हणून इथे 'द नेक्स्ट डे' लिही, तिच्या दिवसाचा पुढचा दिवस. मी खोडून 'द नेक्स्ट डे' लिहिलं. आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. कालचा पुढचा दिवस म्हणजे आज.

मी सरांना बाईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला. सरांनी माझ्या हातात त्यांचा फोन दिला आणि सांगितलं, आधी खात्री कर, सांगणाऱ्यांनीच बदलून सांगितलं असेल तर? मी घरमालकीणबाईंना विचारलं, उद्या हा शब्द आईचा की तुमचा? त्यांना राग आला.

"म्या कावून बदलू वं? ती बोलली तसंच सांगतलं. मले का लबाडी येते?"

म्हणजे आजच. आई आज संध्याकाळी अकोल्याच्या स्टेशनवर उतरणार होती, मंडळी निघून जाणार होती, आणि कोल्हापूरच्या पलीकडे कधी न गेलेली माझी आई अनोळखी गर्दीत एकटी बसणार होती. शेजाऱ्यांना फोन लावून उपयोग नव्हता, आई केव्हाच गाडीत बसली असणार, आणि मंडळींचे नंबर माझ्या फुटक्या फोनमध्ये अडकलेले.

सरांनी वर्ग काकांकडे सोपवला, स्कूटर काढली, मला बसस्थानकावर पोचवलं. वाटेत सिग्नलला त्यांनी अकोल्याला बहिणीला फोन लावला, तिचं घर स्टेशनच्या जवळच. मला विचारून सांगितलं की प्रवासाला नेहमीचं हिरवं नऊवारी लुगडं, हातात पिशवी, कोल्हापूरची बोली, घाबरलेली असेल. मी तिकिटाच्या रांगेत उभी असताना ते पाण्याची बाटली घेऊन आले. मी आभार मानायला लागले. ते म्हणाले, बेटा, पुढच्या रविवारी वाक्य पूर्ण करून आण.

बस मूर्तिजापूरपाशी अडकली. मला अकोल्याला पोचायला उशीर झाला, गाडी येऊन गेली होती. फलाटावर धावत गेले तर बाकावर आई बसलेली, शेजारी बुरखा घातलेल्या एक बाई, दोघींच्या मध्ये चहाचे कप आणि आईने आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी उघडी. आईची बोली त्यांना निम्मी कळत नव्हती, त्यांची वऱ्हाडी आईला. तरी दोघी हसत होत्या.

आईने मला जवळ घेतलं, मग हाताने माझा चेहरा पुसला. "घामाघूम झालीस की गं पोरी. पळत आलीस व्हय?"

मी आपांकडे, म्हणजे सरांच्या बहिणीकडे वळले. आईला भीती वाटली का, हे मला विचारायचं होतं, पण आई शेजारीच होती. त्यांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, "मी विचारलं, मुलगी नाही आली तर? तर तुमची माय म्हने का, माझी पोर येणारच."