छप्पन्न टाक्यांचं लेबल

टाकेबाईंचा राग कारखान्यात प्रसिद्ध होता. टाका वाकडा गेला की त्या ओरडत नसत. ते कापड उचलायचं, खिडकीशी न्यायचं आणि शिवणारीला म्हणायचं, "ह्यात तुझा भाऊ उभा कर बघू." बस्स. शिवणारी मुकाट्याने उसवायला बसायची.

त्यांचा स्वतःचा भाऊ लढाईत असाच उभा राहिला होता. डोक्यावर पोलादी हेल्मेट, अंगात नुसता सुती शर्ट. उखळी तोफेचा गोळा दहा पावलांवर फुटला. हेल्मेटला पोचा पडला, पण आतल्या पट्ट्यांमुळे पोलाद आणि कवटी यांच्यात बोटभर पोकळी होती, तिने पोचा डोक्यापर्यंत पोचू दिला नाही. डोकं वाचलं. मानेपासून कमरेपर्यंत मात्र किरचाच किरचा. वीस वर्षं झाली, तरी अधूनमधून एखादी कातडीखाली वर येते. मग तो ती बाटलीत टाकतो आणि म्हणतो, "ताई, सरकारी माल परत आला गं."

भाऊ जखमी झाला त्या वर्षी टाकेबाई बालवाडीतली नोकरी सोडून सैनिकांचं संरक्षक साहित्य बनवणाऱ्या ह्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसल्या. आता शतक संपत आलं होतं आणि त्या शिवणखात्याच्या प्रमुख होत्या.

नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिला सुई मिळत नसे, गोष्ट मिळत असे. "पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला माणसं कापडी टोप्या घालून खंदकात बसली. वरून गोळे फुटायचे आणि शिशाचा नि लोखंडाचा पाऊस पडायचा. डोकी फुटायला लागली तेव्हा कुठे शहाण्यांना पोलादी टोप सुचला. मग दुसरं महायुद्ध. बॉम्बफेकी विमानातल्या लोकांना पोलादी पट्ट्यांची जाकिटं दिली. इतकी जड, की घालून बसता येतं, धावता येत नाही. पायदळाला काय? पायदळ धावतंय ना, मग मरू दे. कोरियाच्या लढाईत नायलॉनचे थरावर थर घालून केलेली जाकिटं आली. आणि आता हे." त्या अरामिड नावाच्या पिवळसर, चिवट कापडाच्या थरांवर हात ठेवत. "दर वेळी आधी माणसं मेलीत, मग अक्कल आली. आपल्या खात्यात क्रम उलटा ठेवायचा."

हे पिवळं कापड पोलादासारखं किरच अडवत नाही. ते तिला जाळ्यात पकडतं. किरच आपटली की धागे ताणतात, धक्का आजूबाजूला पांगतो, एक थर दमला की पुढचा उभा असतो. पण कापड भिजलं तर पाणी धाग्यांमध्ये वंगणासारखं शिरतं. धागे सरकतात आणि किरच त्यांना बाजूला सारून निघून जाते. कारखान्याच्या कापडाला पाणी रोखणारा लेप नव्हता. म्हणून थरांचा गठ्ठा, म्हणजे पॅनेल, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कडा तापवून बंद करत. बाहेरून कापडी खोळ.

नायलॉनच्या जाकिटावर नंबराचं लेबल बाहेरच्या खोळीला शिवत. नव्या जाकिटातून पॅनेल काढून खोळ धुता येत होती. छावणीत पॅनेलांची अदलाबदल होऊ लागली, तेव्हा लष्कराच्या भांडारातून पत्र आलं: नंबर पॅनेललाच शिवावा. टाकेबाईंनी पत्र वाचलं, लेबलं कापून घेतली आणि बायकांना वाटली. पिशवीवर, लेबलाच्या चारी कडा मिळून छप्पन्न टाके. एकही वाकडा नाही.

सहाशे जाकिटं गेली. चौतीसशे गोदामात तयार होती. तेवढ्यात पट्टा तुटलेलं एक जाकीट दुरुस्तीला परत आलं. कुठल्याशा नदीतून चालत आलं होतं. टाकेबाईंनी पॅनेल काढलं आणि त्यांचा हात खाली गेला. दुप्पट जड! उलटं धरलं तर लेबलाच्या कडेने पाणी ठिबकायला लागलं. छप्पन्न टाके, म्हणजे छप्पन्न भोकं.

त्या तशाच चाचणीघरात गेल्या. तिथे छर्रेवाले काका होते. जेमतेम ग्रॅमभर वजनाचा, छिन्नीसारख्या तोंडाचा पोलादी तुकडा नळीतून पॅनेलवर मारायचा आणि मागच्या पातळ पत्र्याला भोक पडलं का ते दिव्यासमोर धरून पाहायचं, हे त्यांचं काम.

"काका, एक कोरडं मारा, एक भिजलेलं."

"मंजुरीचा कागद कुठाय?"

"कागद नंतर. आधी मारा."

काकांनी वेग कमीजास्त करत दुपारपर्यंत तुकडे मारले. निम्मे अडतात नि निम्मे पार जातात, तो वेग शोधायचा होता. कोरड्या पॅनेलचा निघाला सेकंदाला पाचशे मीटरच्या जरा वर. भिजलेल्याचा चारशेच्याही खाली.

काकांनी चष्मा काढला. "बाई, हे तुम्ही शिवलंत?"

"मीच."

मोठ्या साहेबांच्या खोलीत टाकेबाईंनी चाचणीतले दोन्ही भोकं पडलेले पत्रे टेबलावर आपटले. साहेबांनी ते पेन्सिलीने बाजूला सारले. "सोमवारी माल जायचाय. लेबलं उसवून टाका, झालं."

"लेबलं उसवीन. भोकं कशी उसवू?"

"चिकटपट्टी लावा."

"पहिल्या घडीला सुटेल ती."

"हे बघा बाई, पत्र भांडाराचं आहे. जबाबदारी त्यांची. शिवाय कोरड्या चाचणीत माल पास आहे."

"शत्रूला कळवलंय का, कोरड्या दिवशीच गोळे टाक म्हणून?"

"आवाज खाली."

"वीस वर्षं खालीच होता."

"पिशव्या बदलायच्या तर तीन आठवडे लागतील. बाहेरून काही दिसत नाही, तुम्ही एवढं कशाला—"

टाकेबाई उठल्या. 'दिसत नाही' हे शब्द त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले. त्या गोदामात गेल्या, पहिला खोका फोडला, पॅनेल काढलं आणि आतल्या एका धाग्यालाही न दुखवता पिशवीची कड कात्रीने टराटरा उघडली. मग दुसरं. मग तिसरं.

गोदामवाला धावत आला. "बाई, वेड लागलं का?"

"दिसत नव्हतं ना? आता दिसेल!"

शिवणखात्यातली सगळ्यात नवी बाई दारात उभी होती. तिने गळ्यातली कात्री काढली. "बाई, कुठल्या कडेने कापायचं?"

"तू घरी जा. नोकरी जाईल."

"लेबलं मीही शिवलीत," ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. साहेब पोचेपर्यंत अकराशे पिशव्या उघड्या होत्या. उघड्या पिशवीचा माल कुठलंच भांडार घेत नाही, मग पत्र कोणाचंही असो.

माल तीन आठवडे थांबला. चौतीसशे पॅनेलं नव्या पिशव्यांत बंद झाली आणि नंबर शाईने छापला गेला. परिपत्रक निघालं: 'पॅनेलच्या पिशवीस सुई लावू नये.' जणू ते कोणालातरी बसल्याबसल्या सुचलं होतं. टाकेबाईंचं प्रमुखपद काढून त्यांना हेल्मेटच्या हनुवटीपट्ट्यांवर बसवलं. त्यांना त्याचा राग नव्हता. राग आधीच गेलेल्या सहाशे जाकिटांचा होता.

कारखान्याने ती परत मागवायला नकार दिला. मागवणं म्हणजे चूक कबूल करणं. मग टाकेबाईंनी लष्कराच्या प्रत्येक तुकडीला स्वतःच्या हाताने पत्रं लिहायला घेतली. खाली आपलं नाव आणि 'हे मी शिवले' एवढंच. जाकिटं शोधायला उपयोगी पडला तो त्याच लेबलावरचा नंबर. एकेक जाकीट परत येऊ लागलं. काका पिशवी बदलून देत, चहाच्या सुट्टीत, कागद न मागता.

दीड वर्षात पाचशे एक्याण्णव आली. उरलेल्या नऊ नंबरांची चिठ्ठी त्यांनी घरी भावाच्या किरचांच्या बाटलीला टेकवून ठेवली.

"ताई, पुरे आता," भाऊ म्हणाला. "नऊच तर राहिली."

"नऊच?" त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठला आणि कोरे कागद घेऊन आला. "सांग. पहिला नंबर कुठला?"