पासपोर्ट माझ्या ताब्यात होते

अमेरिकेत, डॅलसजवळच्या फ्रिस्कोतल्या एका छोट्या कंपनीत मी चार वर्षं ऑफिस सांभाळलं. भारतातून इंजिनियर आणायचे, त्यांचा व्हिसा करायचा आणि त्यांना मोठ्या कंपन्यांच्या प्रोजेक्टवर बसवायचं, हा आमचा धंदा. मालक पुण्याचे, साठीचे. सगळे त्यांना काका म्हणत. गणपतीत त्यांच्या घरी दीडदीडशे माणसं जेवायची. नव्याने उतरलेल्या मुलांना ते स्वतः एअरपोर्टवरून घेऊन यायचे आणि पहिल्या रविवारी किराणा भरून द्यायचे. हे सगळं खरं आहे. त्यांना खलनायक करून मला मोकळं होता येत नाही.

त्याआधी नऊ वर्षं मी घरी बसले होते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, काम करायची परवानगी नाही. परवाना हातात आला तेव्हा चाळिशी जवळ आली होती आणि बायोडेटात नऊ वर्षांचं भगदाड होतं. काकांनी ते पाहिलंही नाही. म्हणाले, "तू आपली आहेस, सोमवारपासून ये." त्या एका वाक्याचं ओझं मी फार दिवस वाहिलं, आणि माझ्याबरोबर दुसऱ्या कोणाला तरी वाहायला लावलं.

नव्या माणसाने रुजू होताना पासपोर्ट ऑफिसात जमा करायचा, हा आमच्याकडचा रिवाज होता. कारण विचारलंच तर तयार असायचं: पुढे मुदतवाढ, ग्रीन कार्डाचे कागद, आणि ही मुलं चार जणांत एक अपार्टमेंट घेऊन राहतात, तिथे हरवला तर? मी प्रत्येक पासपोर्टला खाकी पाकीट केलं होतं, आडनावाप्रमाणे लावून लोखंडी कपाटात ठेवलं होतं, आणि वहीत घेतल्याची तारीख आणि सही. एकोणीस पाकिटं. मला त्या टापटिपीचा अभिमान होता. काका पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे एक कागद इकडचा तिकडे होत नाही.

व्हिसाच्या कागदांबरोबर प्रत्येकाच्या फाइलीत एक माहितीपत्रक असायचं. मुलाखतीच्या वेळी अमेरिकन वकिलातीतून मिळालेलं. कामगार म्हणून अमेरिकेत तुमचे हक्क काय, हे त्यात लिहिलेलं असतं. फाइल लावताना मी ते काढून रद्दीत टाकायचे, कारण ते भरायचं नसतं, त्यावर सही नसते. आत काय आहे ते मी कधी वाचलं नाही. ऑफिसातला तो एकच कागद माझ्या नजरेतून सुटला, असं म्हणायची सोय नाही. दर वेळी माझ्याच हाताने तो टोपलीत गेला.

ती मुलगी अकोल्याची. सव्वीस-सत्तावीसची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये हुशार, बोलायला मोजकी. मला ताई म्हणायची. आमच्याकडे दोन वर्षं झाल्यावर तिला डॅलसमधल्या एका हॉस्पिटल ग्रुपने थेट नोकरी देऊ केली. आमच्यासारख्या मधल्या दलालाविना, स्वतःच्या टेबलाची, स्वतःच्या नावाची नोकरी. ती नोकरी तिच्या हातची गेली आणि त्यानंतर साठ दिवसांनी ती अकोल्याला परत गेली, हे आधीच सांगून टाकते. उगाच उत्सुकता ताणून काय करायचं.

तिने सगळं नियमाने केलं. दोन आठवडे आधी राजीनामा दिला. नव्या कंपनीच्या वकिलाने व्हिसाचा अर्ज भरला. त्याला मूळ पासपोर्ट लागत नाही, प्रती चालतात, आणि त्या प्रती मीच स्कॅन करून तिला पाठवल्या होत्या. अर्ज पोचल्याची सरकारी पावती आली की नव्या जागी काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. पावती आली. फक्त एक गोष्ट राहिली. रुजू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत नव्या कंपनीला मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघावा लागतो. तिच्यासारख्या व्हिसावरच्या माणसाचा तो कागद म्हणजे पासपोर्ट.

शेवटच्या शुक्रवारी ती माझ्या टेबलापाशी आली. "ताई, पासपोर्ट द्या न. सोमवारी जॉइन करायचं आहे."

काका तेव्हा पुण्यात होते. मी मेसेज केला. उत्तर आलं, ती सोडून जातेय म्हणून क्लायंट चिडलाय, मी येईपर्यंत थांबव. मी तिला सांगितलं, कपाटाची किल्ली काकांकडे आहे.

किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. आमच्या दोघींच्या मध्ये तेवढं एक लाकडी टेबल होतं. हे खोटं बोलताना मला काही जड गेलं नाही, याचीच आता लाज वाटते. मला वाटलं, काका मंगळवारी उतरतील, फोन करतील, दोन शब्द ऐकवतील आणि देतील. आपल्या माणसांत असंच चालतं, थोडं रुसणं, थोडं मनवणं. ते मंगळवारी उतरले नाहीत. त्यांनी मुक्काम वाढवला.

ती सोमवारी रुजू झाली आणि जेवणाच्या सुटीत फोन केला. मंगळवारी केला. बुधवारी ती जेवणाच्या सुटीत, उशिरा परत जायचा धोका पत्करून आमच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. मी बाहेर गेले. तिच्या हातात ते माहितीपत्रक होतं. तिने स्वतःच्या प्रतीवर एक ओळ पेनाने अधोरेखित केली होती, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे, अशा अर्थाची. मी रद्दीत टाकत आले तो कागद मी पहिल्यांदा वाचला तो असा, गाडीच्या बॉनेटवर.

"मी एका वकिलाला विचारलं, ते म्हणाले, पासपोर्ट कंपनीचा नसतोच," ती म्हणाली. "माझाही नसतो, भारत सरकारचा असतो. मी फक्त धारक. आणि मला दुसरीकडे काम करता येऊ नये म्हणून कोणी तो अडकवून ठेवला तर तो इथे फेडरल क्राइम आहे. मी पोलिसांना फोन करू शकते, लेबर डिपार्टमेंटला तक्रार करू शकते. त्यासाठी मला कोणी काढून टाकू शकत नाही की व्हिसा घालवू शकत नाही. पण मला तसं करायचं नाही ताई. मला फक्त पासपोर्ट पाहिजे."

आणि मी काय बोलले? मी म्हटलं, पोलिसांच्या फंदात पडू नकोस, व्हिसाचं लफडं होईल, तुलाच परत पाठवतील. यातलं एकही वाक्य मला माहीत असलेलं नव्हतं. नऊ वर्षं परावलंबी व्हिसावर काढल्यावर जी भीती हाडात मुरते, तीच मी तिला सल्ला म्हणून दिली. वर ऑफिसातली शहाणी म्हणून एक युक्तीही सुचवली. म्हटलं, हरवला म्हणून रिपोर्ट कर, भारतीय वकिलातीत नव्यासाठी अर्ज टाक. हरवलेल्या कागदाच्या बदली अर्जाची पावती दाखवली तर तुझी नवी कंपनी तीन महिने चालवून घेऊ शकते, मला नियम माहीत आहे.

नियम खरा होता. तिने बॉनेटवरचा कागद उचलला.

"हरवला नाही न ताई. तुमच्याजवळ आहे."

त्यावरही मी आत जाऊन किल्ली आणली नाही. पाच मिनिटांचं काम होतं. काका मला काय म्हणतील, नोकरी जाईल का, पुन्हा घरी बसावं लागेल का, याच विचारात मी काचेचं दार लोटून आत आले आणि ब्लाइंड्स खाली केले. त्या पाच मिनिटांचा मला आयुष्यभर पश्चात्ताप राहणार आहे, आणि तो तिच्या काही कामाचा नाही.

गुरुवार हा तिच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी नव्या कंपनीने तिला सांगितलं, कागद नाही तर आम्हाला तुला कामावर ठेवता येत नाही. त्यांनी नियमच पाळला. प्रोजेक्ट सुरू झालेला, जागा रिकामी ठेवणं त्यांना शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वकिलाचं पत्र आमच्या ऑफिसात ईमेलने आलं. कायद्याचं कलम, एक मुदत, आणि मुदतीनंतर कोणाला कळवणार ते. मी ते काकांना पाठवलं. दहा मिनिटांत फोन.

"दे तिला. आत्ता दे," काका म्हणाले. आवाज पडला होता. "आणि हे बघ, बाकीच्यांचेही वाटून टाक. आजच."

"काका, मागच्या शुक्रवारीच दिला असता तर?"

"अगं, आपल्या हातात काहीतरी असावं लागतं. दोन वर्षं आपण घडवायचं आणि हिने उठून चालू पडायचं?" मग म्हणाले, "मला वाटलं नव्हतं ती वकिलाकडे जाईल. आपली मुलगी होती."

आपली. मला कामावर घेतलं तोही याच शब्दावर. मी त्या दिवशी राजीनामा दिला असं सांगायला मला आवडलं असतं. मी अजून सात महिने तिथे होते.

दुपारी ती आली. बाकीचे अठरा जण एकेक करून पाकिटं घेऊन गेले होते, कोणी थँक्यू म्हणालं, कोणी लाजून हसलं, जणू आम्ही त्यांना काही भेट देत होतो. तिच्यापुढे मी सवयीने वही सरकवली. परत मिळाल्याची सही. तिने वही वाचली, पेन खाली ठेवलं आणि सही केली नाही. पाकीट उघडून पासपोर्ट बाहेर काढला, फोटोचं पान पाहिलं, व्हिसाचं पान पाहिलं.

"नव्या कंपनीला आता दाखव ना," मी म्हटलं. "सोमवारी जा. मी हवं तर पत्र देते, चूक आमची होती म्हणून."

"विचारलं. दुसऱ्याला घेतलं त्यांनी. नोकरी गेली की इथे राहायला साठ दिवस देतात, तेवढेच आहेत माझ्याजवळ, त्यात दुसरं काही मिळालं तर." ती हे भांडणाच्या सुरात बोलत नव्हती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. "ताई, एक विचारू?"

"विचार."

"तुमचा पासपोर्ट कुठे असतो?"

"घरी."

"काकांनी मागितला नाही कधी?"

माझा व्हिसा काकांनी केलेला नव्हता, नवऱ्याच्या कंपनीने केला होता, म्हणून प्रश्नच आला नाही, असं सगळं माझ्या ओठावर आलं. मी फक्त नाही म्हटलं.

"मागितला असता तर दिला असता तुम्ही?"

एकोणीस माणसांचे मी हसत घेतले होते, वहीत सह्या घेऊन. मला विचारही करावा लागला नाही.

"नसता दिला," मी म्हटलं.

तिने मान हलवली, पासपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.