पावसाळ्याचे चार रकाने

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा ओरोसला आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. मी नवा कनिष्ठ अभियंता, जामसंड्याचा, अजून कायमही न झालेला. मुंबईत तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. कॉम्प्युटरच्या खोलीला पडदे होते, गारवा होता, आणि आत जाताना चपला-बूट बाहेर काढावे लागत. मोज्यांवर आत शिरताना मला उगाच देवळात शिरल्यासारखं वाटायचं.

आमच्याकडे बारचार्ट काढायचा तो नकाशे गिरवणारा म्हातारा ट्रेसर. कोणतं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते आडव्या पट्ट्यांनी दाखवायचा तक्ता म्हणजे बारचार्ट. ट्रेसर तो शाईनं काढी, आणि त्याचं बोट कधी हललेलं मी पाहिलं नाही. त्या वर्षी एका ओढ्यावरच्या साकवाचं काम निघालं. पलीकडे एक लहान वाडी, आणि त्या वाडीला गावात यायला जुना लाकडी साकव एवढाच जवळचा रस्ता. तो काढून त्याच जागी सिमेंटचा घालायचा होता. या कामाचा तक्ता कॉम्प्युटरवर काढतो, असं मी साहेबांना छाती फुगवून सांगून आलो. साहेब देशावरचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांना कौतुक वाटलं.

बसल्यावर कळलं की यंत्राला तसला तक्ता येतच नाही. ते उभे खांब काढी, पण सगळे एकाच रेघेवरून उठणारे. हा खांब जानेवारीत सुरू कर, तो एप्रिलमध्ये, हे त्याला सांगायची सोय नव्हती. मला परत जाऊन 'जमत नाही' म्हणायचं जिवावर आलं. मग मी तोड काढली. यंत्रात नुसती चौकट करायची, उभे रकाने महिन्यांचे, आडव्या ओळी कामांच्या. ती छापायची, आणि वर रंगीत मार्बल पेपरच्या पट्ट्या मापून चिकटवायच्या. कापायला आणि चिकटवायला ट्रेसर होताच.

कागदावर छपाईला आठ इंच मिळत. कामाचं नाव, सुरुवातीची तारीख आणि दिवस यांनी चार इंच खाल्ले. उरलेल्या चार इंचांत अर्ध्या इंचाचा एक असे आठच महिने बसले. बारा बसवायचे तर रकाने बारीक करावे लागत, आणि मला ते देखणे हवे होते. मी जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर काढून टाकले. आमच्या कोकणात त्या चार महिन्यांत बांधकाम बंदच असतं, मग त्यांना जागा कशाला? मे संपला की लगेच ऑक्टोबर.

छापलेला कागद मी खोलीच्या दारात ट्रेसरच्या हातात दिला. तो आत येत नसे. त्याच्या पायांना भेगा होत्या आणि चपला काढून गार फरशीवर उभं राहायचा त्याला संकोच होता. त्यानं कागद उजेडाकडे धरला.

"रावसाहेबानु, पावसाळो खंय गेलो?"

"पावसाळ्यात काम असतं का, काका?"

"काम नसता. पण पावस तर आसता."

मी हसलो. तुम्ही फक्त पट्ट्या कापा म्हणालो. शेजारी दोन कारकून उभे होते, तेही हसले.

पट्ट्यांची मापं मीच लिहून दिली. तीस दिवसांना अर्धा इंच. 'जुना साकव काढून नवा घालणे' या ओळीत सुरुवात पंधरा एप्रिल, दिवस पंचाहत्तर, म्हणून सव्वा इंचाची लाल पट्टी. ती एप्रिलच्या मध्यावर सुरू झाली, मे ओलांडून ऑक्टोबरच्या शेवटाला टेकली. किती सलग, किती सुबक! पंधरा एप्रिलपासून पंचाहत्तर दिवस मोजले तर जून संपतो, हे त्याच ओळीत लिहिलेलं होतं. ते कोणी मोजलं नाही. जामसंड्यात जन्मलेल्या माणसाला पावसाळा कोणी शिकवायचा? साहेबांनी तक्ता भिंतीवर लावला आणि ठेकेदाराला त्याची प्रत दिली. ठेकेदारही घाटावरचा होता. त्यानं तक्त्याप्रमाणे एप्रिलच्या मध्यावर जुना साकव उतरवला. नव्याचे खांब उभे राहिले आणि जूनच्या सुरुवातीला ओढा भरून आला, काम तिथंच थांबलं.

जुलैत गावातल्या शाळेच्या बाई कचेरीत आल्या. ख्रिश्चन बाई, पन्नाशीच्या, भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवून हजेरीपट पदराखाली धरून आत आल्या. साहेबांपुढे त्या शुद्ध मराठीत बोलल्या.

"साहेब, वाडीवरची अकरा मुलं आहेत. शाळा सुरू झाल्यापासून एक दिवस आलेली नाहीत. वरच्या पुलावरून वळसा घालायचा तर लहान मुलांना दोन तास लागतात."

त्यांनी हजेरीपट उघडून टेबलावर ठेवला. अकरा ओळी कोऱ्या होत्या. मी साहेबांच्या मागे उभा होतो, मला त्या वरून दिसत होत्या. माझे कान तापले.

साहेब उठून भिंतीपाशी गेले. लाल पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं, वर महिन्यांची नावं वाचली, परत फिरवलं. "मे आणि ऑक्टोबर शेजारी? ही पट्टी कोणी चिकटवली?"

मी म्हणालो, "ट्रेसरनं."

हे खोटं नव्हतं, आणि त्याची मला अजून जास्त लाज वाटते. त्याला बोलावलं. त्यानं तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटाकडे पाहत राहिलो.

"माजा चुकला, साहेब," तो म्हणाला.

बाई हजेरीपट मिटून बाहेर पडल्या. दारात त्याला म्हणाल्या, "तुमचो हात कधी असो चुकलेलो नाय." तो त्यांची छत्री उघडून देत होता.

मग नवा तक्ता करायचा हुकूम झाला. मी बारा रकाने छापले, एकेक इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याचा, आणि जुनी एकही पट्टी कामाला आली नाही. रकाना बदलला म्हणून पट्टी आपोआप बदलत नाही, सगळ्या पुन्हा मापून कापाव्या लागल्या. नवी लाल पट्टी ट्रेसरनं दोन तुकड्यांत चिकटवली. मधे चार रकाने कोरे ठेवले आणि त्यांवर पेन्सिलीनं तिरप्या रेघा ओढल्या. त्या दिवशीही तो दारातच उभा होता. माफी मागायला मला त्याच्याकडे तीन पावलं जायचं होतं. मी गेलो नाही. कायम व्हायला माझे दोन महिने उरले होते, हे मी मनाशी मोजत होतो.

ट्रेसरला मेमो मिळाला. त्याचं उत्तर माझ्या सहीसाठी माझ्याच टेबलावर आलं, कारण तो माझ्या हाताखाली होता. टपोऱ्या, न हललेल्या अक्षरात त्यानं लिहिलं होतं, "पावसाळ्याचे चार रकाने माझ्याकडून वगळले गेले." रकाने छापील होते. ज्या माणसानं त्या यंत्राच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही, त्यानं ते वगळले, हे वाचणाऱ्या कोणालाही खटकलं असतं. साहेबांनाही खटकलं असेल. खाली छापलेलं होतं, 'वरील मजकूर खरा असल्याचे प्रमाणित करतो.'

मी सही केली.