नांग पेपिंगने वाचून दाखवलेलं पत्र

पेपिंगला गोड बोलता येत नसे. फिलिपिन्समधल्या इलोइलोत जन्मून हे म्हणजे भलतंच! इथली माणसं भांडली तरी बाळाला निजवतायत असं वाटतं, आणि ही बाई साधं "जेवलीस का?" विचारायची तर समोरच्याला वाटे, आपण काहीतरी चोरलंय. पण गेरोची सरांच्या हिशेबतपासणीच्या कचेरीत तिने एकतीस वर्षं काढली, आणि तेवीस अशिलांपैकी एकानेही दुसरीकडे जायचं नाव काढलं नाही.

आता साठ पूर्ण झाली होती. पलीकडे गिमारास बेटावर बहिणीची आंब्याची बाग होती, तिथे जायचं ठरलं. निघायला तीन आठवडे होते, आणि तिची जागा घेणार होती जोव्हेल. चोवीस वर्षांची, नुकतीच परीक्षा पास झालेली, पेपिंगला 'नांग', म्हणजे ताई, म्हणणारी, आणि इतकी नम्र की छपाईयंत्रालासुद्धा सॉरी म्हणायची.

हातची कामं सोपवायची ती पेपिंगने चॅटवर सोपवली. रात्री जेवून पाय वर घेऊन बसायचं आणि एकेका अशिलाचा पंचनामा करायचा.

"हार्डवेअरवाला: जेवणाआधी फोन करू नकोस. उपाशी असला की अंगावर येतो."

"दातांची डॉक्टरीण: पावत्या बिस्किटाच्या डब्यात आणते. डबा आधी बाहेर झटक. झुरळं असतात. डबा परत मागते, मेली."

"बेकरीवाला किरो: दहा तारखेच्या आत कामगारांच्या पगारातून कापलेला कर भरायचा, तिमाही संपली की पंचवीसच्या आत विक्रीकर. कागद कधीच त्याच्या हातात नुसता देऊ नकोस. त्याला वाचता येत नाही. एकोणीस वर्षं मी वाचून दाखवते. तो म्हणतो चष्मा विसरला, मी म्हणते हो का. त्याच्या घरातही कोणाला ठाऊक नाही. हे तुझ्या पोटात राहू दे, इंदाय पोरी."

गेरोची सरांनी जोव्हेलच्या खांद्यावरून ते चॅट पाहिलं, झुरळांपर्यंत, आणि त्यांना घाम फुटला.

"हे काय आहे, पेपिंग? कचेरी आहे की मासळीबाजार? सगळं रीतसर पत्रांत हवंय. एक टिपण फाइलला, एक निरोपाचं पत्र प्रत्येक अशिलाला. आणि पत्राखाली अशिलाची 'मान्य' म्हणून सही. तेवीस सह्या आल्याशिवाय तुझ्या क्लिअरन्सच्या कागदावर माझी सही नाही!"

तो कागद पुरा झाल्याशिवाय शेवटचा पगारही नाही आणि नोकरीचा दाखलाही नाही. पेपिंग म्हणाली, "लिहा की. मला काय, मी निघाले आंबे खायला." आणि सगळं काम जोव्हेलच्या गळ्यात टाकून ती बाचोयचं गरम सूप प्यायला गेली. हीच तिची चूक झाली.

जोव्हेलने दोन दिवस खपून चॅटला सूटबूट चढवला. हार्डवेअरवाल्याचं झालं, "संपर्क दुपारच्या सत्रात साधणे इष्ट." डबा आणि झुरळांचं झालं, "कागदपत्रे मूळ अवस्थेत प्राप्त होतात." पेपिंगने ते वाचलं आणि हसून हसून तिला ठसका लागला.

"आणि किरोचं काय लिहिलंस?"

जोव्हेलने दाखवलं. "सदर अशील निरक्षर असल्याने सर्व कागदपत्रे त्यांना मोठ्याने वाचून समजावून द्यावीत."

"बरं. हे फाइलच्या टिपणात. आणि त्याच्या पत्रात?"

"तेच, नांग. सरांनी रीतसर म्हटलं ना, म्हणून मी टिपणातला मजकूर जसाच्या तसा पत्रांत घेतला. सरांनी सह्याही केल्या. शिपाई डोडोंग सकाळीच वाटायला गेलाय."

पेपिंग उठली. सर दारातच होते. "तुम्ही हे वाचलं होतं का?" तिने विचारलं.

"तेवीस पत्रं होती, पेपिंग!"

"छान! ज्याला वाचता येत नाही तो एकेक ओळ ऐकून घेतो, आणि ज्याला येतं तो डोळे मिटून सही ठोकतो." तिने जोव्हेलचं मनगट धरलं. "चल. रडायचं ते जीपनीत बसून रड."

किरोची बेकरी शहराच्या हारो भागात. सून शेरिलिन गल्ल्यावर, सहा कामगार ट्रे भरतायत, भाजलेल्या बिस्कोचो पावाचा वास रस्त्यापर्यंत. शिपाई डोडोंग सहीसाठी ताटकळत उभा, आणि पाकीट फोडून शेरिलिन पत्राच्या दोन प्रतींची घडी उलगडतेय. पेपिंगने धावतच दार गाठलं. एकोणीस वर्षं झाकलेलं आता ही पोरगी सहा कामगारांसमोर खणखणीत आवाजात वाचणार!

"ठेव ते!" ती दारातूनच ओरडली. "माझं निरोपाचं पत्र आणि वाचणार तू? माझा मान आहे तो!"

किरो टेबलामागून उठला. चेहरा उजळला. "अगं, आलीस! मी हिला म्हणतच होतो, थांब, पेपिंग येईल. माझा चष्मा कुठे राहिलाय कोण जाणे."

"हो का," पेपिंग म्हणाली, आणि दोन्ही प्रती सुनेच्या हातातून काढून घेतल्या.

ती खुर्चीवर बसली. कागद समोर धरला आणि त्यावर जे नव्हतं ते वाचू लागली. जन्मात कधी न वापरलेले शब्द तोंडातून निघू लागले.

"महोदय, कळविण्यास खेद होतो की श्रीमती पर्पेतुआ ऊर्फ पेपिंग या महिनाअखेरीस सेवेतून निवृत्त होत आहेत. एकोणीस वर्षांत आपण एकदाही कर उशिरा भरला नाही, तसेच एकदाही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. त्याबद्दल त्या आपल्या ऋणी आहेत." ती खाकरली. "यापुढे आपले काम कुमारी जोव्हेल पाहतील. आमच्या कचेरीच्या नियमानुसार प्रत्येक पत्र प्रत्येक अशिलाला समक्ष वाचून दाखवले जाते. हा नियम सर्वांना लागू आहे. त्यास कोणाचाही अपवाद नाही."

"असा नियम आहे?" शेरिलिनने विचारलं.

"आहे," जोव्हेल म्हणाली. पहिल्यांदाच सॉरी न म्हणता.

किरोने पेन काढलं आणि झोकात सही केली, वारलेल्या बायकोने लग्नाआधी गिरवून घेतलेली. पेपिंगने दोन्ही प्रती पर्समध्ये कोंबल्या. "शिक्का राहिलाय. तुझी प्रत उद्या आणते."

कचेरीत तिने सरांच्या टेबलावर नवीन पत्रं ठेवली. सगळ्यांत तो नियम होता, आणि किरोच्या पत्रात तिने वाचून दाखवलेलं सगळंच.

"तेवीस जणांना वाचून दाखवायचं?" सर किंचाळले. "वकिलालासुद्धा?"

"वकिलाला तुम्ही स्वतः. आणि सही करायच्या आधी या वेळी वाचा."

सरांनी वाचलं. मग एकेक करून सह्या केल्या, आणि अशिलांच्या तेवीस सह्यांची वाट न पाहता तिच्या क्लिअरन्सवरही.

पुढच्या महिन्यात आठ तारखेला जोव्हेल एकटी हारोला गेली. कराचा कागद मोठ्याने वाचला. किरोने दोनदा थांबवून प्रश्न विचारले. शेरिलिन ट्रे घेऊन आत गेली, तसं त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. सरकारी नोंदणीच्या दाखल्याशेजारी पेपिंगचं पत्र काचेत लावलं होतं.

"इंदाय," तो हळूच म्हणाला, "यात तिचं नाव कुठेय?"

जोव्हेलने काचेवर बोट ठेवलं. किरोने तिच्या बोटाशेजारी आपलं पिठाचं बोट टेकवलं आणि ते नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश गिरवलं.